तीन मेल, चालू लिंक एकच

पासवर्ड आठवत नाही म्हणून लॉग-इनच्या पानावर अडकलेला माणूस काय करतो, ते जवळून पाहिलं की पुढचं सगळं कळायला सोपं जातं. तो ‘पासवर्ड विसरलात?’ या ओळीवर बोट ठेवतो, ई-मेल पत्ता भरतो आणि ‘लिंक पाठवा’ हे बटण दाबतो. मिनिटभर वाट पाहतो. इनबॉक्समध्ये काहीच दिसत नाही, म्हणून पुन्हा दाबतो. आणखी दीड-दोन मिनिटांनी तिसऱ्यांदा. मग कधीतरी तीन मेल एकदमच येऊन पडतात. त्यांतला हाताला लागेल तो तो उघडतो, लिंक दाबतो आणि पडद्यावर उमटतं: ‘ही लिंक आता वैध नाही.’

यानंतर ग्राहकसेवेकडे येणारी तक्रार ठरलेली असते. ‘तुमची साइट बंद आहे.’ प्रत्यक्षात साइट व्यवस्थित चालू असते आणि तिने पाठवलेल्या तीन लिंकांपैकी एक त्या माणसाच्या इनबॉक्समध्ये उघडण्याची वाट पाहत पडलेली असते. फक्त ती कोणती, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

ही अडचण सोडवणारा अडीच-तीन मिनिटांचा व्हिडिओ कसा लिहायचा, हा या प्रकरणाचा विषय आहे. असे व्हिडिओ बहुतेक संस्थांकडे असतात. त्यांत हसतमुख निवेदक असतो, संगीत असतं, कोणतं बटण कुठे आहे तेही दाखवलेलं असतं. पण बटण दाबल्यापासून मेल येईपर्यंतच्या वेळात काय करायचं आणि काय करायचं नाही, यावर एक वाक्यही नसतं. माणूस अडकतो तो नेमका तिथेच.

लिहिण्याआधी प्रोग्रामरला विचारायचं

लॉग-इनचा व्हिडिओ लिहिणाऱ्याचं पहिलं काम प्रोग्रामरशेजारी खुर्ची ओढून बसण्याचं आहे. पडद्यावर दिसणाऱ्या बटणांमागे सर्व्हर काय करतो, हे समजल्याशिवाय लिहिलेली सूचना चुकीची ठरू शकते.

सुरुवात एका साध्या गोष्टीपासून करायला हवी. नीट बांधलेली कोणतीही व्यवस्था पासवर्ड आहे तसा साठवून ठेवत नाही. ती त्याच्यावर एक गणिती प्रक्रिया करून मिळालेलं उत्तर तेवढं जपते, आणि त्या उत्तरावरून मूळ पासवर्ड परत काढता येत नाही. ‘माझा जुना पासवर्ड काय होता तेवढं सांगा’ अशी विनंती ग्राहकसेवेकडे रोज येते आणि तिला नकारच द्यावा लागतो, त्याचं कारण हे आहे. सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नसतंच. नवा पासवर्ड तयार करणं हा एकच रस्ता उरतो, आणि त्यासाठी मेलने एक लिंक जाते. लिंकमध्ये अक्षरांची एक लांबलचक, ओळखता न येणारी माळ असते. ती घेऊन जो येईल तोच खात्याचा मालक, असं सर्व्हर धरून चालतो. म्हणून तिला मुदत असते आणि ती एकदाच वापरता येते.

मात्र ही मुदत सगळीकडे सारखी नसते, आणि दुसरी लिंक मागितल्यावर पहिलीचं काय होतं, हेही सगळीकडे सारखं नसतं. वेबसाइट बांधण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या तीन व्यवस्थांची उदाहरणं घेतली तर फरक लक्षात येतो. लॅराव्हेलमध्ये लिंकची मूळ मुदत ६० मिनिटं आहे. तिथे नवी लिंक मागितली की आधीची नोंद पुसली जाते, त्यामुळे जुना मेल त्याच क्षणी निकामी होतो. शिवाय एका मिनिटाच्या आत दुसरी लिंक मिळत नाही, थोडं थांबा असा संदेश येतो. वर्डप्रेसमध्ये मूळ मुदत एक दिवसाची आहे आणि तिथेही नव्या लिंकमुळे जुनी रद्द होते. जँगोची रीत वेगळी. त्याची मूळ मुदत तीन दिवसांची असते आणि मागितलेल्या सगळ्या लिंका एकाच वेळी चालू राहतात. त्यांतल्या एकीने पासवर्ड बदलला, किंवा मधल्या वेळात जुना पासवर्ड आठवून माणूस आत शिरला, की बाकीच्या सगळ्या एकदम बंद होतात. हे सगळे आकडे बसवणाऱ्याला बदलता येतात, म्हणून अंदाजावर विसंबून चालत नाही.

आता एखाद्या व्हिडिओत ‘बटण पुन्हा दाबलं की आधीची लिंक बंद होते’ असं वाक्य आहे असं समजू. लॅराव्हेलवर आणि वर्डप्रेसवर ते खरं आहे. मूळ रूपातल्या जँगोवर ते खोटं आहे. प्रोग्रामरला तीन प्रश्न विचारले की हा घोळ टळतो. लिंक किती वेळ चालते? नवी मागितली की जुनी मरते का? आणि लिंक नुसती उघडल्याने संपते, की नवा पासवर्ड जतन केल्यावर? तिसरा प्रश्न कार्यालयीन मेल वापरणाऱ्यांसाठी महत्त्वाचा आहे. काही कंपन्यांमध्ये सुरक्षा तपासणारी यंत्रणा मेलमधली प्रत्येक लिंक माणसाच्या आधी उघडून पाहते. नुसती उघडल्याने संपणारी लिंक अशा वेळी माणसापर्यंत पोहोचते ती संपूनच.

मेल उशिरा का येतो

बटण दाबलं की मेल लगेच यायला हवा, असं सगळ्यांनाच वाटतं. एरवी तो येतोही. पण ई-मेलच्या नियमांत तशी हमी कुठेच नाही. मेल घेणारा सर्व्हर ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’ असं उत्तर देऊ शकतो. पाठवणाऱ्याने मग तो मेल रांगेत ठेवायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ई-मेलच्या तांत्रिक नियमावलीत दोन प्रयत्नांमध्ये साधारणपणे निदान ३० मिनिटांचं अंतर ठेवावं, अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात बरेच सर्व्हर याहून लवकर पुन्हा प्रयत्न करतात.

काही मेल-सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेला मुद्दामच परत पाठवतात. या पद्धतीला ग्रेलिस्टिंग म्हणतात आणि ती २००३ साली पुढे आली. भाराभर जाहिराती पाठवणारे सहसा दुसऱ्यांदा येत नाहीत, खरा मेल पाठवणारा मात्र येतो, हा तिच्यामागचा विचार. जाहिराती त्यामुळे अडतात, पण पासवर्ड बदलण्याचा मेलही त्याच दारात ताटकळतो.

याचा एक परिणाम सहसा ध्यानात येत नाही. तीन वेळा बटण दाबलं असेल, तर मेल पाठवले त्याच क्रमाने पोहोचतील असं नाही. पहिला मेल रांगेत अडकला आणि तिसरा सरळ गेला, तर तिसरा आधी दिसतो आणि पहिला नंतर. ‘सगळ्यात शेवटी आलेला मेल उघडा’ ही सूचना एरवी बरोबर आहे, पण अशा वेळी ती माणसाला नेमक्या बंद पडलेल्या लिंकवर नेऊन सोडते.

मेल मुळीच न येण्याचं आणखी एक कारण आहे, आणि ते साइटने जाणूनबुजून ठेवलेलं असतं. वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवॅस्प या संस्थेची शिफारस अशी, की दिलेल्या पत्त्यावर खातं असो वा नसो, पडद्यावर उत्तर एकच द्यावं. वेगवेगळी उत्तरं मिळाली तर कुणाचं खातं कुठे आहे हे कुणालाही शोधून काढता येईल. म्हणून नीट बांधलेल्या साइटवर ‘या पत्त्यावर खातं असेल, तर लिंक पाठवली आहे’ असा संदेश येतो. घाईत वाचणारा माणूस त्यातलं ‘असेल, तर’ सोडून देतो आणि ‘लिंक पाठवली आहे’ तेवढं वाचतो. खातं दुसऱ्याच पत्त्यावर असेल तर त्याला मेल कधीच येणार नसतो, आणि तो मात्र इनबॉक्स उघडून बसलेला असतो.

जीमेलच्या पत्त्यांमध्ये हे अधिकच चकवतं. जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही. आडनावाआधी टिंब दिलं काय आणि नाही दिलं काय, मेल त्याच डब्यात पडतो. पण ज्या साइटवर खातं आहे तिच्या दृष्टीने टिंबासहित पत्ता आणि टिंबाविना पत्ता हे सहसा दोन वेगळे पत्ते असतात. खातं उघडताना टिंब दिलं असेल आणि आता दिलं नसेल, तर साइटला ते खातं सापडत नाही.

संहिता

आता एक नमुना घेऊ. समजा, एका मासिकाचं वर्गणीदारांसाठीचं संकेतस्थळ आहे. वर्गणीदारांत निवृत्त मंडळी बरीच, आणि निम्मे तरी मोबाइलवर वाचणारे. साइट लॅराव्हेलवर बांधलेली आहे, लिंक ६० मिनिटं चालते, नवी मागितली की जुनी बंद होते. खातं नसलं तरी संदेश तोच येतो. या सगळ्याची प्रोग्रामरकडून खात्री करून घेतली आहे. संहिता अशी होईल.

दृश्य १. पडद्यावर: मोबाइलवरचं लॉग-इनचं पान. चौकटीखाली लाल अक्षरांत ‘ई-मेल किंवा पासवर्ड जुळत नाही’.

आवाज: ‘तुमच्या पडद्यावर हाच संदेश दिसतो आहे का? मग आपण नवा पासवर्ड तयार करू. एरवी पाच मिनिटांत काम होतं. तुमची वर्गणी आणि जुने अंक आहेत तसेच राहतील.’

दृश्य २. पडद्यावर: ‘पासवर्ड विसरलात?’ ही ओळ ठळक होते. पुढच्या पानावर एक पत्ता अक्षर-अक्षर लिहिला जातो.

आवाज: ‘पासवर्डच्या चौकटीखाली “पासवर्ड विसरलात?” असं लिहिलं आहे. त्यावर दाबा. आता वर्गणी भरताना दिलेला ई-मेल पत्ता लिहा. वर्गणीची पावती ज्या पत्त्यावर आली होती, तोच हा पत्ता. पावतीवर आहे तसाच लिहा, टिंबासकट. मग “लिंक पाठवा” हे बटण एकदा दाबा.’

दृश्य ३. पडद्यावर: ‘या पत्त्यावर खातं असेल, तर लिंक पाठवली आहे’ हा संदेश. बाकी काही हलत नाही.

आवाज: ‘आता दहा मिनिटं थांबायचं आहे. मेल बहुतेक वेळा लगेच येतो, कधी कधी वेळ लावतो. तोवर “लिंक पाठवा” पुन्हा दाबू नका. पुन्हा दाबलं, तर आधी पाठवलेली लिंक बंद होते. व्हिडिओ इथे थांबवून ठेवला तरी चालेल.’ (तीन सेकंद आवाज नाही.)

दृश्य ४. पडद्यावर: इनबॉक्स, मग स्पॅमचा कप्पा. मेलच्या विषयात वेळ लिहिलेली: ‘पासवर्ड बदलण्याची लिंक, सकाळी १०:४२’.

आवाज: ‘मेल उघडा. इनबॉक्समध्ये नसेल, तर स्पॅममध्ये पाहा. मेलच्या विषयातच वेळ लिहिलेली आहे. एकापेक्षा जास्त मेल आले असतील, तर सगळ्यात अलीकडची वेळ असलेला मेल घ्या. ही लिंक एक तास चालते.’

दृश्य ५. पडद्यावर: नवा पासवर्ड लिहिण्याच्या दोन चौकटी. डोळ्याचं चिन्ह दाबल्यावर अक्षरं दिसू लागतात.

आवाज: ‘नवा पासवर्ड निदान आठ अक्षरांचा हवा. लांब असेल तितका चांगला. डोळ्याच्या चिन्हावर दाबलं की लिहिलेलं दिसतं. खालच्या चौकटीत तोच पासवर्ड पुन्हा लिहा आणि “जतन करा” दाबा.’

दृश्य ६. पडद्यावर: लॉग-इनचं पान. पासवर्डच्या चौकटीत आपोआप ठिपके भरले जातात. ते पुसून नवा पासवर्ड लिहिला जातो.

आवाज: ‘आता पुन्हा लॉग-इन करा. पासवर्डची चौकट आपोआप भरली गेली, तर ती आधी रिकामी करा. तिथे तुमचा जुना पासवर्ड असू शकतो. नवा लिहा. “पासवर्ड अपडेट करायचा का?” असं फोनने विचारलं, तर हो म्हणा.’

दृश्य ७. पडद्यावर: साइटचं संपर्काचं पान.

आवाज: ‘दहा मिनिटांनंतरही मेल आला नाही, तर तुमची वर्गणी दुसऱ्या पत्त्यावर असू शकते. दुसरा पत्ता वापरून पाहा. तेही जमलं नाही, तर याच संकेतस्थळावरच्या “संपर्क” या पानावरून आम्हाला लिहा. वर्गणी क्रमांक कळवा. पासवर्ड किंवा ओटीपी आम्ही कधीच विचारत नाही.’

सावकाश, मिनिटाला शंभर शब्दांच्या आसपास बोललं तर हा मजकूर अडीच-तीन मिनिटांत बसतो. खात्री करायची तर घड्याळ लावून मोठ्याने वाचावा. मनातल्या मनात वाचताना सगळेच भरभर वाचतात.

ओळी अशा का लिहिल्या

पहिल्या दृश्यात संस्थेचं नाव नाही, स्वागत नाही, ‘आजच्या व्हिडिओत आपण पाहणार आहोत’ही नाही. त्याऐवजी माणसाच्या समोर जे आहे तेच पडद्यावर दिसतं. आयबीएमच्या संशोधन केंद्रात काम करणाऱ्या जॉन कॅरल यांनी १९८०च्या दशकात संगणक शिकणाऱ्या कचेरीतल्या लोकांचं बारकाईने निरीक्षण केलं. लोक पुस्तिका पहिल्या पानापासून वाचत नाहीत, थेट कामाला हात घालतात आणि अडलं की उत्तर शोधू लागतात, असं त्यांना दिसलं. म्हणून त्यांनी पुस्तिकांमधली लांबण काढून टाकली आणि चूक झाली हे कसं ओळखायचं, त्यातून बाहेर कसं यायचं, याला जागा दिली. त्यांचं ‘द न्यूर्नबर्ग फनेल’ हे पुस्तक १९९० साली आलं. लॉग-इनचा व्हिडिओ बघणारा माणूस या वर्णनात नेमका बसतो. तो आधीच अडलेला असतो आणि दहा सेकंदांत ‘हे माझ्या कामाचं आहे का’ ते ठरवून मोकळा होतो. चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा दाखवला की त्याला लगेच ओळख पटते.

त्याच दृश्यात ‘तुमची वर्गणी आणि जुने अंक आहेत तसेच राहतील’ हे वाक्य आहे. ‘घाबरू नका’ असं म्हटल्याने कुणाची भीती जात नाही, उलट घाबरण्यासारखं काही आहे की काय, अशी शंका येते. लोकांना नेमकी धास्ती कशाची वाटते, हे ग्राहकसेवेत फोन घेणाऱ्यांना ठाऊक असतं. पैसे बुडतील का, जुनं सगळं पुसलं जाईल का, हे प्रश्न तिथे रोजचेच. त्यांचं उत्तर सरळ देऊन टाकलं की निवेदकाला आवाज मऊ करायची गरज पडत नाही.

तिसरं दृश्य या व्हिडिओचा कणा आहे. तिथे थांबायला सांगितलं आहे, किती थांबायचं ते सांगितलं आहे आणि न थांबल्यास काय होईल तेही. कारण न देता नुसतं ‘कृपया प्रतीक्षा करा’ म्हटलं की माणूस मिनिटभराने पुन्हा बटणाकडे वळतो. लिंक बंद पडेल हे कळल्यावर तो हात आवरतो. त्या दृश्यात पडद्यावर काहीही हलू नये, हेही तितकंच महत्त्वाचं. फिरणारं चक्र दाखवलं तर ते संपलं की मेल आलाच असणार, असा समज होतो.

मेलच्या विषयात वेळ लिहिणं हे खरं तर व्हिडिओ लिहिणाऱ्याच्या हातातलं काम नाही. ते प्रोग्रामरकडून करून घ्यावं लागतं, पण एका ओळीचा तो बदल दोन अडचणी सोडवतो. मेल कोणत्याही क्रमाने आले तरी मागितल्याची वेळ विषयात वाचता येते. दुसरं म्हणजे जीमेल एकाच विषयाचे मेल एका संभाषणात गोळा करतं. त्यात सगळ्यात नवा मेल सगळ्यात खाली जातो, आणि वरचा उघडण्याची सवय असलेला माणूस फसतो. विषय वेगळा झाला की मेल वेगळे दिसतात. हा बदल करून मिळाला नाही, तर चौथ्या दृश्यातलं वाक्य बदलावं लागेल: ‘एकापेक्षा जास्त मेल आले असतील, तर ते सगळे सोडून द्या. दहा मिनिटं थांबा, लिंक नव्याने मागा आणि त्यानंतर आलेला मेल वापरा.’ वेळ जास्त लागतो, पण वाट चुकण्याचा धोका बराच कमी होतो.

पाचव्या दृश्यात एक मोठं अक्षर, एक अंक, एक चिन्ह अशी नेहमीची यादी नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेने २०१७ साली आपली मार्गदर्शक सूचना बदलली आणि असे मिश्रणाचे नियम लादू नयेत, ठरावीक काळाने पासवर्ड बदलायलाही लावू नये, असं सांगितलं. तिने भर दिला तो लांबीवर. साइटने अजून जुने नियम ठेवलेच असतील, तर मात्र ते सगळे पासवर्ड लिहायला लावण्याआधी सांगितले पाहिजेत. दोनदा लिहून झाल्यावर ‘यात अंक नाही’ असं कळलं की माणूस वैतागून पान बंद करतो.

सहावं दृश्य बऱ्याच व्हिडिओंमध्ये नसतंच. पासवर्ड बदलला की काम झालं, असं धरून ते संपतात. पण ब्राउझरने किंवा फोनने जुना पासवर्ड जपून ठेवलेला असतो आणि लॉग-इनच्या पानावर येताच तो चौकटीत भरून देतो. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, म्हणून जुना कोणता आणि नवा कोणता हे कळत नाही. माणूस बटण दाबतो आणि पुन्हा तोच लाल संदेश येतो. नवा पासवर्डही चालत नाही, अशी त्याची खात्री होते आणि तो पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन नवी लिंक मागतो. एकाच दिवशी एकाच खात्यासाठी पासवर्ड तीन-चार वेळा बदललेला नोंदीत दिसला, तर या पायरीवर संशय घ्यावा.

डोळ्यांसाठी आणि कानांसाठी

‘इथे दाबा’ आणि ‘ते निळं बटण’ हे शब्द वरच्या संहितेत कुठेच नाहीत. डोळ्याचं चिन्ह सोडलं, तर प्रत्येक ठिकाणी बटणावर लिहिलेले शब्दच वाचले आहेत. ज्याला पडदा दिसत नाही आणि जो फोनने वाचून दाखवलेलं ऐकतो, त्याला रंग आणि जागा उपयोगाची नाही. बटणाचं नाव मात्र त्याचा फोन उच्चारून दाखवतो. वेबच्या सुगम्यतेच्या जागतिक नियमावलीत सूचना केवळ आकार, रंग किंवा जागेवर विसंबून देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. ध्वनिमुद्रित व्हिडिओला उपशीर्षकं असावीत हा नियमही तिच्या अगदी पहिल्या पातळीवरचा आहे.

उपशीर्षकं बंद करता येतील अशी वेगळी जोडावीत, चित्रावर कायमची छापू नयेत. शिक्षणमानसशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून दिसलं, की तेच बोललेलं आणि तेच लिहिलेलं एकाच वेळी समोर आलं तर चित्राकडचं लक्ष विभागलं जातं. ज्याला गरज आहे त्याने ती लावावीत, बाकीच्यांना बटणाकडे पाहता यावं. मेयर यांचा दुसरा निष्कर्ष संकलकाच्या उपयोगाचा आहे. शब्द आणि चित्र एकाच क्षणी आलं तर जास्त समजतं, मागेपुढे आलं तर कमी. ‘पासवर्ड विसरलात?’ हे शब्द कानावर पडतात तेव्हाच ती ओळ ठळक व्हायला हवी.

चित्रण पूर्ण होण्याआधी संहिता एकदा माणसावर तपासावी. साइट कधीच न पाहिलेल्या कुणाला तरी समोर बसवावं, त्यांच्याच फोनवर मेल उघडायला लावावा आणि संहिता नुसती वाचून दाखवावी. मध्ये मदत करू नये. त्यांचं बोट कुठे थबकतं, ते कधी ‘आता?’ असं विचारतात, तिथे खूण करावी. दृश्य ३ नंतर व्हिडिओ थांबवून माणूस मेलच्या ॲपमध्ये गेला की त्याला परत व्हिडिओकडे येणं जमतं का, हेही या वेळी कळतं. मोबाइलवर पुष्कळांना ते जमत नाही. म्हणून व्हिडिओखाली सातही पायऱ्या मजकुरात लिहिलेल्या असाव्यात, आणि पासवर्ड बदलण्याच्या मेलमध्येही शेवटच्या तीन पायऱ्या थोडक्यात याव्यात.

व्हिडिओ जिथे संपतो

काही अडचणी या वाटेने सुटतच नाहीत. नोकरी सुटल्यावर कंपनीचा मेल बंद झाला आणि वर्गणी त्याच पत्त्यावर असली, तर कितीही लिंका पाठवल्या तरी त्या माणसाला मिळणार नाहीत. घरातल्या मुलाने आपल्या पत्त्यावर वडिलांचं खातं उघडून दिलं असेल, तर मेल मुलाच्या फोनवर जातो आणि वडील इकडे वाट पाहत राहतात. अशा वेळी ओळख पटवून खात्यावरचा पत्ता बदलावा लागतो आणि ते काम ग्राहकसेवेतल्या माणसानेच करायचं असतं. सातव्या दृश्यात वर्गणी क्रमांक मागितला आहे तो त्यासाठी.

त्या दृश्यात फोन नंबर मुद्दाम दिलेला नाही. इंटरनेटवर ग्राहकसेवेचे खोटे नंबर पसरवून लोकांना लुबाडण्याचे प्रकार भारतात सर्रास घडतात, आणि व्हिडिओची नक्कल करून त्यात दुसरा नंबर घालणं अवघड नाही. साइटच्या संपर्काच्या पानाकडे बोट दाखवलं की माणूस निदान खऱ्या ठिकाणी पोहोचतो. कुणी आधीच अशा भामट्याला ओटीपी सांगून पैसे गमावले असतील, तर राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनीचा १९३० हा क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर फोन जाईल, तितकी रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

सातही दृश्यं वेगवेगळी टिपून ठेवावीत आणि प्रत्येकाची मूळ फाइल जपावी. साइटचा चेहरामोहरा बदलतो, ‘लिंक पाठवा’चं ‘पुढे जा’ होतं, ६० मिनिटांची मुदत कुणीतरी १५ वर आणतं. प्रोग्रामरने असा बदल करण्याआधी व्हिडिओ सांभाळणाऱ्याला कळवायचं, हे दोघांनी आपसात ठरवून घ्यावं. मग बदललेलं तेवढंच दृश्य पुन्हा टिपून जुन्याच्या जागी बसवता येतं, आणि खालच्या मजकुरातली तीच पायरी त्याच दिवशी दुरुस्त करता येते.